लाल दिवे लागलेली स्कूल बस आणि आपण

येत्या आठवड्यात न्यू जर्सीतील शाळा सुरू होतील आणि एडिसन, मनरो, प्लेन्सबरो या आपल्या माणसांनी भरलेल्या गावांतील रस्त्यांवर सकाळी पिवळ्या बस पुन्हा दिसू लागतील. या उन्हाळ्यात आपल्यापैकी अनेक कुटुंबे नव्याने येथे आली आहेत. काहींनी गेल्या महिन्यातच परवाना काढला आहे, तर काहींचे आईवडील सहा महिन्यांसाठी आले आहेत आणि नातवंडांना बसवर सोडणे-आणणे त्यांच्याकडेच असणार आहे. त्यांच्यासाठी आणि काही वर्षे गाडी चालवूनही या एका नियमाबाबत गैरसमज बाळगणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी हे लिहीत आहे.

येथे आल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी मी लाल दिवे लागलेल्या बसच्या समोरून, विरुद्ध दिशेने, गाडी न थांबवता निघून गेलो होतो. रस्ता चार पदरी होता आणि मध्ये डावीकडे वळणाऱ्या गाड्यांसाठी पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली पाचवी मार्गिका होती. बस पलीकडच्या कडेला उभी होती आणि एवढ्या रुंद रस्त्याच्या अलीकडे असलेल्या माझा तिच्याशी काही संबंध नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले. त्या दिवशी रस्ता ओलांडणारे मूल नव्हते, पोलीसही नव्हता. आपण काय केले हे मला कित्येक महिन्यांनी, शेजारच्या एका बसचालक बाईंशी बोलताना कळले, आणि तेव्हापासून ती गोष्ट मनातून गेलेली नाही.

न्यू जर्सीचा नियम असा आहे. बसचे लाल दिवे उघडझाप करू लागले की तिच्या मागून येणाऱ्या आणि समोरून येणाऱ्या, दोन्ही दिशांच्या गाड्यांनी बसपासून किमान 25 फूट अंतरावर थांबायचे आणि दिवे बंद होईपर्यंत हलायचे नाही. समोरून येणाऱ्यांना सवलत एकाच परिस्थितीत मिळते. दोन दिशांच्या मध्ये प्रत्यक्ष दुभाजक असेल, म्हणजे उंच कठडा, गवताचा पट्टा किंवा पादचाऱ्यांसाठी बांधलेला उंचवटा असेल, तरच पलीकडच्या बाजूच्या गाड्यांना पुढे जाता येते, आणि तेही ताशी 10 मैलांपेक्षा जास्त वेगाने नाही. रंगाने काढलेली रेघ हा दुभाजक नव्हे, मग ती दुहेरी असो वा पिवळी. मधली वळणाची मार्गिका हाही दुभाजक नव्हे. माझी चूक नेमकी येथे झाली होती, आणि ओळखीच्या लोकांना विचारतो तेव्हा बहुतेकांचा घोटाळा येथेच होत असल्याचे आढळते. सहज ध्यानात राहावे म्हणून मी एवढेच सांगतो, की जी गोष्ट रस्त्यावर केवळ रंगाने आखलेली आहे ती आपल्याला थांबण्यापासून मोकळे करत नाही.

शेजारच्या राज्यांत याच नियमाचे तपशील बदलतात, आणि आपण तर शनिवार-रविवार सोडून एरवीही कामासाठी तेथे जात असतो. न्यू यॉर्कमध्ये मध्ये दुभाजक असला तरीही समोरून येणाऱ्यांना थांबावेच लागते, आणि अंतर किमान 20 फूट ठेवावे लागते. पेनसिल्व्हेनियात ते किमान 10 फूट आहे. एडिसनहून लाँग आयलंडला जाणारा माणूस दुभाजक पाहून न्यू जर्सीच्या सवयीने हळूहळू पुढे गेला तर तेथे तो कायदा मोडतो. म्हणून माझे स्वतःचे धोरण सोपे आहे: कोणत्याही राज्यात, दुभाजक असो वा नसो, शंका आली की थांबायचे. विनाकारण थांबल्याने अर्धे मिनिट जाईल, त्यापलीकडे काही नाही.

दंडाविषयी थोडक्यात सांगतो. न्यू जर्सीत पहिल्या वेळी किमान 100 डॉलर दंड, परवान्यावर 5 गुण, आणि न्यायाधीशांना वाटल्यास 15 दिवसांपर्यंत कैद किंवा सामाजिक सेवा अशी तरतूद आहे. विम्याचा हप्ता वाढतो तो वेगळाच. पण ज्याला थांबण्याचे कारण कळले आहे त्याला दंडाची भीती घालावी लागत नाही, म्हणून त्या कारणाकडे वळतो.

रस्त्यापलीकडे राहणारे मूल बसच्या उजव्या दारातून उतरते. ते रस्त्याच्या कडेने बसच्या पुढे सुमारे 10 फूट चालत जाते, म्हणजे चालकाला बसच्या नाकाखाली न लपता ते पूर्ण दिसते. अनेक बसच्या पुढच्या बंपरवर एक लांब दांडा असतो. दार उघडताच तो पुढे येतो, आणि मुलांना बसला चिकटून चालता येऊ नये हाच त्याचा उद्देश असतो. मूल चालकाकडे पाहते, चालक आरशांतून दोन्ही बाजू तपासून हाताने खूण करतो आणि मग मूल बसच्या समोरून निघते. बसच्या डाव्या कोपऱ्याशी आले की त्याने पुन्हा थांबून दोन्हीकडे पाहायचे असते. सगळ्यात धोक्याची जागा हीच आहे. मागून बसला ओलांडून जाणाऱ्या गाडीतील माणसाला त्या क्षणापर्यंत ते मूल दिसूच शकत नाही, कारण मध्ये 35 ते 40 फूट लांबीची बस उभी असते.

हिशोब करून पाहा. एखादा गृहस्थ ताशी 25 मैल या अगदी सभ्य वेगाने बसच्या बाजूने निघाला आहे असे समजू. त्याची गाडी सेकंदाला सुमारे 37 फूट पुढे जाते, म्हणजे बसची लांबी तो जेमतेम एका सेकंदात पार करतो. समोर काही आले हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्या वेळात गाडी 55 फूट गेलेली असते आणि ब्रेक लागायला अजून सुरुवातही झालेली नसते. कोरड्या रस्त्यावर ती पूर्ण थांबायला त्यापुढे आणखी 30 फुटांच्या आसपास लागतात. मूल बसच्या पुढच्या कोपऱ्यापासून 10 फुटांवर आहे. या हिशोबात सावध चालक आणि निष्काळजी चालक यांच्यात काहीच फरक उरत नाही, कारण दोघांनाही मूल उशिराच दिसते. "मी बघून, हळू चालवत गेलो असतो" हे म्हणणे येथे टिकत नाही. या जागी उपयोग फक्त थांबण्याचा होतो.

येथे मला आपल्याकडच्या व्यवस्थेशी असलेला एक फरक सांगावासा वाटतो, कारण आपली सवय तेथून आलेली आहे. महाराष्ट्रात 2011 पासून स्कूल बससाठी स्वतंत्र नियमावली आहे आणि बसमध्ये परिचर असणे तिने बंधनकारक केले आहे. बसमधल्या मावशी किंवा काका खाली उतरतात, मुलाचा हात धरतात, येणाऱ्या गाड्यांना हात दाखवतात आणि मूल आईच्या किंवा आजोबांच्या हातात देतात. तेथे मुलाची काळजी त्या एका माणसावर सोपवलेली असते, आणि रस्त्यावरच्या बाकीच्या गाड्या उभ्या बसला वळसा घालून पुढे जात राहतात. येथे बहुतेक बसमध्ये चालकाखेरीज मोठे माणूस नसते. हात धरणारे कोणी नाही, म्हणून त्या हाताचे काम बसचे लाल दिवे, बाजूला उघडणारी अष्टकोनी स्टॉपची पाटी आणि त्यांना मानून थांबणारे सर्व अनोळखी लोक मिळून करतात. आपण न थांबता पुढे जातो तेव्हा मुलाचा हात धरणाऱ्या माणसालाच बाजूला सारतो.

लाल दिव्यांच्या आधी पिवळट केशरी दिवे लागतात हेही नीट समजून घ्यायला हवे. बस लवकरच थांबणार आहे एवढाच त्यांचा अर्थ. ते दिसताच पाय ॲक्सिलरेटरवरून काढून थांबण्याच्या तयारीत यायचे. सिग्नलचा पिवळा दिवा पाहून वेग वाढवण्याची जी सवय अनेकांना असते, तीच येथे सर्वांत घातक ठरते, कारण दिवे लाल होण्याच्या क्षणी आपण बसच्या अगदी शेजारी, पूर्ण वेगात असतो. बस शाळेच्या अगदी समोर कडेला उभी राहून मुलांना चढवत-उतरवत असेल तर न्यू जर्सीत ताशी 10 मैलांच्या आत पुढे जाता येते. हा अपवाद फक्त शाळेच्या दारापुरता आहे.

दिवे दिसूनही माणूस कसा चुकतो याचे एक उदाहरण माझ्या मनावर कोरले गेले आहे. 30 ऑक्टोबर 2018 रोजी इंडियाना राज्यातील रॉचेस्टरजवळ, सूर्योदयापूर्वीच्या अंधारात, एका ग्रामीण रस्त्यावर बस मुलांना घेण्यासाठी थांबली होती. दिवे चालू होते, पाटी उघडलेली होती. समोरून आलेल्या पिकअप ट्रकने बसकडे जाण्यासाठी रस्ता ओलांडणाऱ्या मुलांना धडक दिली. त्यांतील एकाच घरातील तीन भावंडे गेली आणि चौथे मूल गंभीर जखमी झाले. ट्रक चालवणारी तरुणी नशेत नव्हती. दिवे दिसले होते, पण ती स्कूल बस आहे हे आपल्या ध्यानातच आले नाही, असे तिचे म्हणणे होते. ज्युरीने तिला दोषी ठरवले. अपघाताच्या पुढच्याच वर्षी इंडियानाने कायदा कडक केला, आणि शिक्षा वाढवण्याबरोबरच मोठ्या महामार्गांवर शक्य असेल तेथे मुलांना रस्ता ओलांडावाच लागू नये अशा रीतीने थांबे ठरवण्यास सांगितले. मला यातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. आपल्या मुलाचा थांबा वेगवान रस्त्याच्या पलीकडे असेल तर शाळेच्या वाहतूक विभागाला लिहून तो बदलून मागा. एक पत्र लिहायला संकोच वाटण्याचे कारण नाही. आणि अंधारात गाडी चालवताना समोर उघडझाप करणारे दिवे दिसले आणि ते कशाचे आहेत हे कळले नाही, तर कळेपर्यंत वेग कमी करत राहा.

शेवटची विनंती आजी-आजोबांना आहे. संध्याकाळी बसची वाट पाहताना दार ज्या बाजूला उघडणार आहे त्याच बाजूला उभे राहा. रस्त्यापलीकडे थांबून "ये रे बाळा" अशी हाक मारली की मूल चालकाच्या खुणेकडे पाहत नाही, ते तुमच्याकडे धावत सुटते. जॅकेटच्या लोंबत्या दोऱ्या आणि दप्तराचे पट्टे दाराच्या दांड्यात अडकतात, म्हणून सकाळीच आवळून बांधा. आणि नातवाच्या हातातून चित्राचा कागद किंवा पाण्याची बाटली बसजवळ पडली तर ती उचलायला त्याला जाऊ देऊ नका, तुम्हीही वाकू नका. चाकाजवळ वाकलेले माणूस चालकाला दिसत नाही. आधी चालकाशी बोला, त्याने हो म्हटल्यावरच वस्तू उचला, आणि तो ऐकत नसेल तर बस निघून जाऊ द्या.