फोटोत खालची ओळ दिसतेय का, ते आधी बघा

आज सकाळी कॉलनीतल्या एका वहिनींनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचा मागच्या एका वर्षाचा तक्ता, डावीकडे गुण, उजवीकडे तेवढे गुण मिळवलेली मुलं. कागदाचा तिरका फोटो, खालच्या बाजूला फोटो काढणाऱ्याचा अंगठा. आणि प्रश्न: "मॅडम, अँसर कीप्रमाणे मुलाला 455 होतायत. ग्रुपवर सगळे म्हणतात 78 पर्सेंटाइल. आता काही होणार नाही ना?"

माझा चहा तसाच राहिला. कारण असला फोटो मी आमच्याच घरात पाहिलाय आणि त्यानं काय केलं तेही पाहिलंय.

2025 ची गोष्ट. 4 मेला परीक्षा झाली, निकाल 14 जूनला. मधले चाळीस दिवस ज्या घरांनी काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको. माझ्या भाचीला अँसर कीवरून 470 होत होते. दाजींना कुणीतरी 2024 च्या तक्त्याचा फोटो पाठवला. दाजींनी रात्री कॅल्क्युलेटर घेऊन हिशोब केला आणि सकाळी जाहीर केलं की 79 सुद्धा पर्सेंटाइल नाही, म्हणजे शंभरातली 79 मुलंसुद्धा तिच्या मागे नाहीत, रँक पाच लाखांच्या घरात. पोरीनं त्या दिवशी बायोलॉजीच्या वह्या रद्दीत काढल्या. ताईचा मला फोन आला तो तीन दिवसांनी, तोवर रिपीट बॅचची फी भरून झाली होती.

मी फोटो मागवला. संख्याशास्त्र शिकवते मी, त्यामुळे पहिलं काम केलं ते साधं: दिसत होत्या तेवढ्या सगळ्या ओळींची बेरीज. आली 11 लाख 65 हजारांच्या आसपास. 2024 ला परीक्षेला प्रत्यक्ष बसलेली मुलं 23 लाख 33 हजार. म्हणजे अर्धी मुलं फोटोत नव्हतीच! शेवटची दिसणारी ओळ 162 गुणांना संपत होती. 162 हा त्या वर्षीचा खुल्या गटाचा पात्रता कटऑफ, आणि तो असतो 50 पर्सेंटाइलवर, म्हणजे बरोबर मध्यावर. कागद तिथं फाडला होता की फोटो तिथं कापला गेला होता, देव जाणे. पण 162 च्या खालचे साडेअकरा लाख गायब होते.

आता दाजींचा हिशोब बघा. आकडे मी गोल करून सांगते. 500 च्या वर दोन लाख मुलं. 451 ते 500 या गटात ऐंशी हजार. 470 वाली मुलगी या गटात कुठं? 500 पासून 471 पर्यंत तीस गुण, गट पन्नास गुणांचा, म्हणून ऐंशी हजारांचे तीन पंचमांश, अठ्ठेचाळीस हजार. एकूण दोन लाख अठ्ठेचाळीस हजार मुलं तिच्या पुढे. इथपर्यंत दाजी बरोबर होते. मग त्यांनी याला भागलं 11 लाख 65 हजारांनी, कारण फोटोत तेवढेच होते. पुढे असलेले आले 21.3 टक्के, म्हणून पर्सेंटाइल 78.7. आणि मग रँक काढायला तेच 21.3 टक्के घेतले 23 लाख 33 हजारांचे. जवळजवळ पाच लाख. भागताना एक एकूण आणि गुणताना दुसरं एकूण, त्यामुळे रँक बरोबर दुप्पट झाली.

योग्य भागाकार केला तर पर्सेंटाइल येत होतं 89.4. आणि रँक तर काढायचीच नव्हती हो! ती आधीच हातात होती, दोन लाख अठ्ठेचाळीस हजार. रँक वरून मोजतात, तिला तळाची गरज नाही. फोटोचा खालचा भाग फाटला, अंगठ्याखाली गेला, तरी वरच्या ओळी नीट दिसत असतील तर रँक बिघडत नाही. पर्सेंटाइलला मात्र शेवटच्या मुलापर्यंत सगळे लागतात. नीटमध्ये नापास झालेला, शून्याखाली गेलेला मुलगासुद्धा तुमच्या पर्सेंटाइलमध्ये मोजलेला असतो. आणि प्रवेश मिळतो तो रँकवर.

मान्य, तीन पंचमांशाचा हिशोबही तंतोतंत नसतो. गटात मुलं सारखी पसरलेली नसतात, खालच्या गुणांकडे गर्दी जास्त असते, त्यामुळे खरी रँक यापेक्षा थोडी चांगलीच निघते. पण ती चूक काही हजारांची. घरात रडारड झाली ती अडीच लाखांच्या चुकीवर.

दुसरी गोष्ट सांगताना मला जास्त राग येतो, कारण ती क्लासवाल्यांना पक्की माहीत असते. तक्ता 2024 चा होता आणि मुलगी 2025 ची! पन्नासावं पर्सेंटाइल दर वर्षी तेच असतं, पण त्याचे गुण बघा: 2023 ला 137, 2024 ला 162, 2025 ला 144. पेपर अवघड निघाला की आलेखातला मुलांच्या गर्दीचा सगळा डोंगर कमी गुणांकडे सरकतो. वरच्या टोकाला तर आणखी जोरात. 2024 ला 720 पैकी 720 मिळवणारे सुधारित निकालानंतरही 17 होते, 2025 ला देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686 होते. अशा दोन वर्षांत एका वर्षाचे 470 दुसऱ्या वर्षाच्या तक्त्यात शोधायचे म्हणजे थर्मामीटर एकाच्या तोंडात आणि औषध दुसऱ्याला.

अजूनही कितीजण मला विचारतात, पन्नास पर्सेंटाइल म्हणजे 360 गुण ना? नाही हो. 144 गुण म्हणजे 720 चे वीस टक्के. आणि पात्र झालं म्हणजे एमबीबीएसला जागा मिळाली असंही नाही. 2025 ला बारा लाखांवर मुलं पात्र होती, त्यातल्या बहुतेकांना जागा नव्हती. कॉलेजचा कटऑफ वेगळा, तिथं शेवटी ज्याला प्रवेश मिळाला त्याची रँक असते. मागच्या वर्षाची तुलना करायचीच तर ती रँकशी रँक अशी करा, गुणांशी गुण नको.

लिहिता लिहिता दाजींवरचा राग उतरतोय. त्या माणसानं रात्री दोनपर्यंत बसून हिशोब केला होता, तोही वहीच्या मागच्या पानावर. त्या चाळीस दिवसांत आईबापांच्या हातात दुसरं काही नसतंच. कागद फाटका आहे हे त्यांना कोण सांगणार होतं? ज्यानं तो ग्रुपवर टाकला त्यानं सांगायला हवं होतं.

14 जूनला भाचीचा निकाल आला. गुण 470 च. रँक एक लाखाच्या जरा आत, पर्सेंटाइल 95.6. ताईनं रद्दीवाल्याला फोन केला, पण वह्या केव्हाच गेल्या होत्या. रिपीट बॅचची फी परत मिळाली नाही.

वहिनींना मी उत्तर पाठवलंय: हा तक्ता कोणत्या वर्षाचा आहे ते विचारा, आणि अंगठा काढून पुन्हा फोटो मागवा. 78 हा आकडा मुलाला अजून सांगितला नसेल तर सांगू नका. त्यांचं उत्तर आलं, "सांगितलाय हो काल रात्रीच." आता त्यांच्या घरी निघालेय.