एकसारखी उष्णता म्हणजे एकसारखं तापमान? गोळ्याचं गणित तसं नाही

«गोळ्यात सगळीकडे सारखीच उष्णता तयार होत असेल तर तापमानही आतबाहेर सारखंच असतं. तांब्याचा गोळा घेतला की पृष्ठभाग लगेच गार. आणि पाण्याचा फ्लो वाढवून h, म्हणजे पृष्ठभागाची पाण्यात उष्णता सोडण्याची क्षमता, डबल केली की केंद्राचं तापमान सरळ अर्ध्यावर येतं.»

तीन वाक्यं, तिन्ही ऐकायला बरोबर वाटतात, म्हणून एकच गोळा हातात घेऊ आणि तिन्ही त्याच्यावरच तपासू. त्रिज्या R ६ सेंटीमीटर, स्टेनलेस स्टील, म्हणजे उष्णता वाहून नेण्याची क्षमता k साधारण १५. आत दर घनमीटरला ६ लाख वॅट उष्णता तयार होतेय, तिला q म्हणू, बाहेर २० अंशाचं पाणी वाहतंय आणि h धरू १०००. हे सगळं एसआय युनिटमध्ये. गोळा बराच वेळ तसाच चालू ठेवलाय, तापमानं स्थिरावलीत.

आता पहिलं वाक्य. उष्णता सगळीकडे सारखी *तयार* होते हे मान्य, पण ती बाहेर कुठून जाणार? पृष्ठभागातूनच ना. केंद्राजवळच्या उष्णतेला अख्खी ६ सेंटीमीटरची वाट चालावी लागते, पृष्ठभागाजवळची मात्र एका पावलात बाहेर. आणि स्टीलमधून उष्णता वाहायची तर तापमानाचा उतार लागतोच, सपाटीवरून काही वाहत नाही. किती उतार हे काढणं सोपंय: केंद्रापासून r अंतरावर एक काल्पनिक गोल कवच घ्या, त्याच्या आत जेवढी उष्णता बनते तेवढी सगळी त्या कवचातून बाहेर पडली पाहिजे. आतली उष्णता r च्या घनाने वाढते, कवचाचं क्षेत्रफळ r च्या वर्गाने, म्हणून उतार नुसत्या r च्या प्रमाणात येतो:

```
dT/dr = -q r / (3k)
```

केंद्रात उतार शून्य, पृष्ठभागाला सगळ्यात जास्त. आपल्या गोळ्यात पृष्ठभागाला लागून हा उतार एका सेंटीमीटरला ८ अंश भरतो. एकदा इंटिग्रेट केलं की हातात या दोन ओळी येतात:

```
Ts = Tf + q R / (3h)
Tc = Ts + q R^2 / (6k)
```

Tf पाण्याचं, Ts पृष्ठभागाचं, Tc केंद्राचं. आकडे घाला: पृष्ठभाग पाण्यापेक्षा १२ अंश वर, म्हणजे ३२. केंद्र त्याच्याही वर २४ अंश, म्हणजे ५६. अर्ध्या वाटेवर, ३ सेंटीमीटरवर, ५० अंश. म्हणजे आतल्या अर्ध्या वाटेत फक्त ६ अंश उतरतात आणि बाहेरच्या अर्ध्यात १८. थर्मोकपल पृष्ठभागावर चिकटवून ३२ वाचलं आणि «गोळा ३२ अंशाला आहे» असं लिहून मोकळे झालात तर केंद्राच्या बाबतीत २४ अंशांनी चुकलात, आणि रीडिंग तर एकदम बरोबर दिसत असतं.

त्या ६k वर जरा थांबतो कारण मी स्वतः इथे आपटलोय. सपाट पाटीचं सूत्र डोक्यात बसलेलं असतं, त्यात छेदात २k असतं, लांब सिलिंडरला ४k आणि गोळ्याला ६k. मी एकदा २k घालून २४ च्या जागी ७२ काढले होते आणि वर मटेरियललाच नावं ठेवत बसलो होतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे R च्या जागी व्यास घालणं, त्याने केंद्राचा फरक थेट चौपट होतो. ताळा करायचा असेल तर एकूण उष्णता काढा: घनफळ गुणिले q म्हणजे साधारण ५४३ वॅट, भागिले पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, की चौरस मीटरला १२,००० वॅट येतात, त्याला h ने भागलं की तेच १२ अंश. हे जुळलं नाही तर पुढे जाऊच नका.

तांब्याचं वाक्य तर वरची पहिली ओळ बघूनच पडतं, Ts च्या सूत्रात k कुठे आहे? नाहीच. जेवढी उष्णता बनते तेवढी बाहेर पडलीच पाहिजे, मग गोळा कशाचाही असो, आणि पृष्ठभाग पाण्यापेक्षा किती तापेल हे फक्त q, R आणि h ठरवतात. k ४०० चं तांबं घ्या, पृष्ठभाग तोच ३२. बदलतं ते केंद्र, ५६ वरून ३२.९ वर येतं. म्हणजे गंमत अशी की पहिलं वाक्य तांब्यासाठी जवळपास खरं आहे, आणि तांब्याबद्दलचं वाक्यच खोटं. कुठे कुठलं लागू पडतं हे बघायला hR/2k काढा, केंद्र-पृष्ठभागाचा फरक पृष्ठभाग-पाण्याच्या फरकाच्या किती पट ते त्यातून कळतं. स्टीलला २, तांब्याला ०.०७५. (यात q तोच धरलाय हं. उष्णता करंट सोडून तयार करत असाल तर धातू बदलला की रेझिस्टन्स बदलतो आणि q पण बदलतो, मग तुलनाच वेगळी.)

राहिलं h डबल करणं. एक तर सेल्सिअसमध्ये «तापमान अर्धं» म्हणण्याला काही अर्थ नाही, पाण्यापेक्षा किती वर हे बघायचं. केंद्र पाण्याच्या ३६ अंश वर होतं. h २००० केलं तर १२ चे ६ झाले, २४ मात्र हलत नाहीत, कारण त्यांच्या सूत्रात h नाही. एकूण ३०, केंद्र ५० अंशाला. पंप अजून मोठा लावून h ४००० केलं तर ४७. h अनंत झालं तरी ४४ च्या खाली जाणं शक्य नाही. प्रत्येक वेळी पंपावर जास्त खर्च आणि फायदा मागच्यापेक्षा कमी. तांब्याच्या गोळ्याला मात्र हे तिसरं वाक्य जवळपास लागू पडतं, १२.९ चे ६.९ होतात.

उलट बाजूला जा, पाणी काढून स्थिर हवेत ठेवा, h १० धरा. सूत्र पृष्ठभाग १,२२० अंश सांगतं आणि केंद्र १,२४४. तेच २४! अर्थात हे आकडे खरे मानू नका, इतक्या तापमानाला गोळा रेडिएशननेच भरपूर उष्णता टाकतो, ते सूत्रात धरलेलंच नाही आणि स्टीलचा k सुद्धा तोपर्यंत १५ राहत नाही. आणि q खरंच सगळीकडे सारखा आहे का हेही बघावं लागतं. पेबल-बेड अणुभट्टीतले इंधनाचे गोळे ६ सेंटीमीटर व्यासाचे असतात पण इंधन आतल्या ५ सेंटीमीटरमध्येच, बाहेरचं अर्धा सेंटीमीटर नुसतं ग्रॅफाइट, तिथे हे सूत्र अख्ख्या गोळ्याला लावलं की गणित गंडलं.

मग केंद्र खरंच गार करायचंय तर? k बदलता येत नसेल तर R ला हात घाला, कारण आतल्या फरकात तो वर्गात आहे. त्या एका गोळ्याच्या जागी अर्ध्या त्रिज्येचे ८ गोळे करा, एकूण स्टील तेच, एकूण ५४३ वॅट तेच, h तेच १००० धरा आणि प्रत्येकाभोवती पाणी मोकळं वाहू द्या. पृष्ठभाग २६, केंद्र ३२. म्हणजे मोठ्या गोळ्याची साल जेवढी तापत होती, तेवढंच आता छोट्याचं पोट तापतंय, आणि पंपाला हातही लावलेला नाही.