खड्डा किती जुना होता, हे आधी लिहा

खड्ड्यात गाडीचं नुकसान झालं, त्याच्या भरपाईसाठी आणि खड्ड्याच्या दुरुस्तीसाठी काल रस्ते विभागाला पत्र दिलं. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत घेऊनच बाहेर पडले. अशी पत्रं लिहायची वेळ अनेकांवर येते, म्हणून त्यात काय लिहिलं ते सविस्तर सांगते.

संध्याकाळची वेळ, पाऊस नुकताच थांबलेला. गाडीचा वेग पस्तीसच्या आसपास. समोर साधं डबकं दिसत होतं, आणि पुढचं डावं चाक धाडकन आत गेलं. टायर तिथेच बसला, रिम वाकली, स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागलं. आम्हा कुणाला लागलं नाही. पण माझ्या मागे दुचाकीवर एक मुलगा होता, तो थोडक्यात वाचला. त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

पहिला मसुदा मी रागात लिहिला होता. सगळा संताप आणि माझा मनस्ताप. दुसऱ्या दिवशी वाचला तेव्हा लक्षात आलं की याला एका ओळीत उत्तर देता येईल: "खड्डा नुकताच पडला असावा, आमच्या निदर्शनास आला नव्हता." भरपाईचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं. नुसता खड्डा होता एवढं पुरत नाही. विभागाला तो माहीत होता, किंवा नेमाने पाहणी केली असती तर माहीत झाला असता, आणि तरी वाजवी वेळेत बुजवला नाही, हे दाखवावं लागतं.

म्हणून सकाळी पाणी ओसरल्यावर टेप घेऊन परत गेले. लांबी ९० सेंटिमीटर, रुंदी ६०. खोली मोजायला दोन्ही काठांवर सरळ काठी आडवी ठेवली आणि तिच्यापासून तळापर्यंत टेप सोडला: ११ सेंटिमीटर. फोटोत टेप दिसेल असं पाहिलं, आणि एक फोटो लांबून घेतला, किलोमीटरचा दगड आणि विजेचा खांब दोन्ही येतील असा.

पण खरं बोलले ते खड्ड्याचे काठ. ताज्या तुटलेल्या डांबराची कड धारदार आणि काळीभोर असते. इथली कड झिजून गोल झाली होती, राखाडी पडली होती. आत जुन्या ठिगळाचा थर स्पष्ट दिसत होता, म्हणजे ही जागा आधीही एकदा बुजवली होती. शेजारच्या घरातले काका बाहेर आले आणि म्हणाले, "अहो ताई, मी दीड महिन्यापूर्वीच तक्रार केलीय." त्यांनी तक्रार क्रमांक दिला आणि पत्रात घालायला परवानगीही दिली. माझ्या पत्रातला सगळ्यात वजनदार पुरावा हाच.

दुसरा प्रश्न: नुकसान त्याच खड्ड्याने झालं कशावरून? मेकॅनिकने टायर उतरवून दाखवला. बाजूच्या भिंतीवर जवळजवळ दोन समांतर चिरा. "ताई, खिळ्याने असं होत नाही. रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात टायर चेचला गेलाय." हे त्यांच्याकडून बिलावर लिहून घेतलं. जुना टायर आणि रिम मोडीत न देता घरी ठेवलेत, पाहणीला मागितले तर दाखवता येतील.

रकमेबद्दल मी मुद्दाम काटेकोर राहिले. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि १.६ वर तो बदलायचाच असतो. माझी ५ उरली होती, म्हणजे वापरता येण्याजोगी नक्षी निम्म्याहून थोडी जास्त शिल्लक. मग टायरची तेवढीच किंमत मागितली. रिम, अलाइनमेंट आणि गाडी ओढून नेण्याचा खर्च मात्र पूर्ण. विम्याकडून काही घेतलं नाही, हेही लिहिलं. कारण एकच नुकसान दोन्हीकडे मागता येत नाही.

दुरुस्तीची मागणी वेगळ्या परिच्छेदात केली आणि तिथे शब्द जपून वापरले. नुसतं "खड्डा बुजवावा" लिहिलं की ओल्या खड्ड्यात खडी टाकून जातात. चाकाखाली दाबलेलं पाणीच ती खडी महिन्याभरात उपसून काढतं. म्हणून लिहिलं: "कडा पक्क्या डांबरापर्यंत सरळ उभ्या कापाव्यात, खड्डा साफ व कोरडा करावा, तळाला व बाजूंना डांबराचा हात द्यावा, मिश्रण थराथराने दाबून रस्त्याच्या पातळीत आणावे, आणि कडेच्या तुंबलेल्या गटाराचा निचरा करावा." गटार तुंबलेलंच राहिलं तर नवं ठिगळही तिथेच उखडणार. दुरुस्ती होईपर्यंत अडथळे आणि फलक लावा, असंही मागितलं. दुचाकीवाल्यांसाठी ते आजच्या आज हवं.

शेवटी दोन कागदांच्या प्रती मागितल्या: या पट्ट्याच्या पाहणीची नोंदवही, आणि मागच्या कामाच्या ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो त्याची नोंद. तो चालू असेल तर डागडुजी ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते.

आज सकाळी तिथून गेले. खड्ड्यात सुटी खडी ओतलेली, काठ तसेच गोल, गटार तसंच भरलेलं. तारखेसह फोटो काढलाय. उद्या त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन पुरवणी पत्र देते आहे.