फळ्यावरची ती ओळ

"स्वातंत्र्य मिळून दोन आठवडे होत नाहीत तोच काँगो फुटला. म्हणजे लोकांचीच तयारी नव्हती ना?"

तयारी होऊ दिली नव्हती, असं म्हणा. ३० जून १९६० ला बेल्जियमने सत्ता सोडली तेव्हा सैन्यात काँगोली शिपाई हजारोंनी होते, पण अधिकारी सगळे बेल्जियन. शिपायांना वाटलं, आता तरी बढती मिळेल. तर सेनापती यान्सेन्स यांनी ५ जुलैला फळ्यावर लिहिलं, 'स्वातंत्र्यापूर्वी = स्वातंत्र्यानंतर'. काय ही मग्रुरी! त्याच दिवशी बंड पेटलं. मग गोऱ्यांच्या रक्षणासाठी म्हणून बेल्जियमने पुन्हा सैन्य उतरवलं आणि ११ जुलैला कटांगा प्रांत वेगळा झाला. तांब्याच्या खाणी तिथेच, त्यामुळे काँगोचे पंतप्रधान लुमुम्बा यांच्या सरकारचं मोठं उत्पन्नही त्याबरोबरच गेलं.