फिटरचा हात मोकळा असला की डाय लवकर निघते

"आठ तासांचा पगार देता, तर आठ तास काम घ्या. माणूस जितका रिकामा, तितकं काम मागे. टीम शंभर टक्के भरलेली ठेवा, पेंडिंग आपोआप संपेल. तरी अडलं तर समजा माणसं हळू आहेत."

वाळूजच्या सुपरवायझर मंडळींत हा मेसेज वर्षभर फिरतोय. मी टूलरूम सांभाळतो. प्रेसवर पंच तुटला किंवा पार्टला बर यायला लागला की डाय उतरवून आमच्याकडे आणतात. एक फिटर जोडी, एक सरफेस ग्राइंडर. सोयीसाठी धरू की एका डायला सरासरी दोन तास लागतात, म्हणजे सात ते तीनच्या शिफ्टमध्ये चार डाय.

आधी पेंडिंगचं बघू. डाय बरोबर सात, नऊ, अकरा आणि एकला आल्या आणि प्रत्येकीला नेमके दोनच तास लागले, तर जोडी पूर्ण वेळ कामात राहील आणि एकही डाय थांबणार नाही. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हाच दिवस असणार. पण पंच घड्याळ बघून तुटत नाही.

आता त्याच चार डाय, तेच एकूण आठ तास घ्या. पहिली आठला आली, काम तासाभराचं. दुसरी साडेआठला आली, कड चिरलेली, चार तासांची. तिसरी नऊला आली, नुसती स्प्रिंग बदलायची, एक तास. चौथी दीडला, दोन तासांची. दुसरीला हात लागतो नऊला आणि ती सुटते एकला. तासाभराच्या कामाची तिसरी डाय तोवर चार तास रॅकवर पडून. चौथी दोनला सुरू होते आणि शिफ्ट संपून गेल्यावर, चारला निघते. सात ते आठ जोडीकडे काम नव्हतं. तो तास डब्यात भरून दुपारी वापरता येत नाही, म्हणून तेवढंच काम पुढच्या शिफ्टच्या डोक्यावर गेलं. तिथेही सगळा वेळ भरलेला असेल तर ते फिटणार कुठून? रांग मग दिवसेंदिवस वाढतच जाते.

किती वाढते, याचं गणित जुनं आहे. टेलिफोन कॉलच्या गर्दीवर डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी 1909 मध्ये या विषयाचा पाया घातला. कामं अवचित येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळही बराच कमीजास्त होत असेल, तर साधा हिशेब असा: भरलेला भाग भागिले मोकळा भाग, गुणिले एका कामाचा सरासरी वेळ. जोडी 75 टक्के भरलेली असेल तर 75 भागिले 25, म्हणजे तिप्पट. डाय सरासरी सहा तास थांबते. 90 टक्क्यांवर नऊपट, अठरा तास. 95 टक्क्यांवर एकोणीसपट, अडतीस तास. नव्वदवर फक्त पाच टक्के भार वाढला आणि थांबणं दुपटीच्या वर गेलं. शंभरला भागाकार शून्याने होतो. तिथे उत्तरच नाही.

आता पगाराचा मुद्दा. 75 वरून 90 वर नेल्याने शिफ्टमागे जोडीचे सव्वा तासाच्या आसपास जास्त कामी लागतात. त्याच वेळी रॅकवर थांबलेल्या डाय सरासरी सव्वादोनवरून आठवर जातात. प्रत्येक डायमागे प्रेस बंद पडतेच असं नाही. कुठे तयार माल शिल्लक असतो, कुठे जोड डाय असते. पण आठातल्या दोन प्रेस जरी थांबल्या, तरी ऑपरेटर आणि हेल्पर तिथे बसून राहतात. फिटरचा वाचवलेला सव्वा तास त्यातच बुडतो.

माणसं हळू असल्याचा आरोप मला सगळ्यात जास्त लागतो. वरच्या दिवसात फिटरने कुठे वेळ काढला, दाखवा. तिसऱ्या डायचे पाच तास गेले, त्यातला कामाचा एक. फिटरला दटावून तो एक तास पन्नास मिनिटांवर येईल. चार तासांची रांग त्याने हलणार नाही. उलट घाईत ग्राइंडिंगनंतर शिम चुकली की तीच डाय परत येते आणि रांगेत आणखी एक भर.

मेसेज एका ठिकाणी खरा ठरतो: कामं ठरलेल्या वेळी येतात आणि जवळपास सारखी असतात तिथे. चढउतार कमी तितकं थांबणं कमी, म्हणून तिथे नव्वदच्या वरही निभावतं. टूलरूमला तो दिवस क्वचित मिळतो.

मोकळ्या वेळात जोडीला बसवून ठेवा असंही माझं म्हणणं नाही. जादा पंच घासून ठेवणं, साठ्यातल्या डायला तेल लावणं, अशी कामं द्यावीत. तुटलेली डाय दारात आली की ती जागीच सोडता येतात. अट एवढीच, या कामांना तारीख लावायची नाही. तारीख लागली की तीही रांगेत उभी राहतात.

तुमच्याकडे काय चाललंय ते पाहायचं तर जॉब कार्डवर दोन वेळा लिहा: डाय आली कधी आणि हात लागला कधी. महिनाभराने या दोन वेळांमधलं अंतर प्रत्यक्ष कामाच्या वेळेच्या तिपटीहून जास्त निघालं, तर फिटरला बोलावण्याआधी जोडीवर किती भार टाकलाय ते मोजा.