‘दुर्बीण नॉर्मल आली म्हणजे पोटात काही नाही’ या फॉरवर्डला उत्तर

फिरत असलेला मेसेज असा: “दुर्बिणीत अल्सर निघाला नाही ना, मग पोटात काहीच नाही, नुसता गॅस आहे. रोज सकाळी गॅसची कॅप्सूल घ्या, कायम घेतली तरी चालते. तिखट सोडा, पोट आपोआप ठीक होतं.”

बेळगावपासून निपाणी-चिकोडीपर्यंत हा मेसेज बऱ्याच ग्रुपवर आहे आणि माझ्या दवाखान्यात तो लोक मोबाईल पुढे करून दाखवतात.

आधी ‘काहीच नाही’ बघू. दुर्बीण जठराचं अस्तर दाखवते. जठर काम कसं करतं ते तिला दिसत नाही. घास आत गेला की जठराचा वरचा भाग सैल पडून जागा करतो. काहींमध्ये तो नीट सैल पडत नाही, म्हणून अर्ध्या भाकरीतच पोट तट्ट होतं. काहींच्या जठराच्या नसा हळव्या झालेल्या असतात, त्यांना बेंबीच्या वर दुखतं किंवा जळजळतं. याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात. हा आजार खरा आहे, रुग्ण सोंग करत नाही.

आता कॅप्सूल. निपाणीजवळच्या एका खेड्यातली चौतिशीची बाई आली होती. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, जेवणानंतर तासन्‌तास जड वाटायचं. दुर्बीण स्वच्छ. मेडिकलवाल्याने दिलेली, ॲसिड कमी करणारं रॅबेप्राझोल आणि सोबत लेव्होसल्पिराइड असलेली कॅप्सूल ती आठ महिने घेत होती. पाळी बंद झाली, छातीतून दूध येऊ लागलं. गरोदर असेल म्हणून घरच्यांनी तपासलं, तसं काही नव्हतं. रक्तात प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन, वाढलेलं निघालं. हे लेव्होसल्पिराइडमुळे होतं, काहींना त्याने हातपाय थरथरणंही सुरू होतं. कॅप्सूल थांबवली आणि पाळी परत आली. ‘कायम घेतली तरी चालते’ लिहिणाऱ्याने पाकिटावरचं दुसरं नाव वाचलेलं नसावं.

पण पोटाचा त्रास होताच. आधी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू तपासला. त्यासाठी ॲसिडची गोळी दोन आठवडे बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. जंतू असेल तर १४ दिवसांचा कोर्स द्यावा. मात्र त्याने सगळ्यांचं पोट बरं होत नाही, साधारण बारा-चौदा जणांत एकाला त्याचा नक्की फायदा होतो आणि तोही काही महिन्यांनी दिसतो. हिला जंतू नव्हता.

तिचा त्रास पोट लवकर भरण्याचा, म्हणून ॲकोटियामाइड १०० मिलिग्रॅम, तिन्ही जेवणांआधी. हे औषध जठराला जागा करायला आणि अन्न पुढे ढकलायला मदत करतं. महिन्याभराने ती पूर्ण भाकरी खाऊ लागली, लग्नाच्या पंगतीत मात्र अजून अडखळते. एवढाच फरक पडतो, चमत्कार होत नाही.

नुसती ॲसिडची गोळी वाईट नाही. दिवसातून एकदा, नाश्त्याआधी अर्धा तास, चार ते आठ आठवडे घेऊन बघावी. फरक नसेल तर डोस दुप्पट करण्यात अर्थ नाही, बंद करावी. बरेच महिने घेऊन एकदम सोडली की काही दिवस ॲसिड उसळतं. माणसाला वाटतं, गोळीशिवाय आपलं चालतच नाही. म्हणून ती हळूहळू कमी करायची.

दुखणंच मुख्य असेल आणि हे उपाय चालले नाहीत, तर रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमपासून. ‘डिप्रेशनची गोळी’ म्हणून लोक बिचकतात, पण इतक्या कमी डोसात ती पोटाच्या नसा शांत करण्यासाठी असते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत ती वाढवून ५० मिलिग्रॅमपर्यंत दिली होती. पुरेसा आराम पडला ५३ टक्क्यांना, खोट्या गोळीने ४० टक्क्यांना. दुसऱ्या एका डिप्रेशनच्या गोळीचा, एस्सिटॅलोप्रामचा, काहीच उपयोग झाला नाही. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाचा त्रास असेल तर अमिट्रिप्टिलिन घेण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

तिखटाचं थोडक्यात. मिरचीने ज्याला लगेच त्रास होतो त्याने कमी करावी, बाकीच्यांनी झुणका अळणी करायची गरज नाही. इटलीत २००२ साली एका छोट्या चाचणीत रोज अडीच ग्रॅम लाल मिरचीची पूड कॅप्सूलमधून दिली, तेव्हा उलट काही आठवड्यांनी पोट दुखणं कमी झालं होतं. म्हणून कुणी मिरची फाकायला लागू नये. जास्त त्रास तेलकट, तुपकट आणि एकदम भरपूर खाण्याने होतो. ताट लहान ठेवा, वेळा वाढवा.

आणि वजन आपोआप घटणं, घास अडकणं, वारंवार उलट्या, काळी शौच, रक्त कमी होणं यातलं काही असेल किंवा साठीनंतर पहिल्यांदाच त्रास सुरू झाला असेल, तर वरचं काहीही करण्याआधी दुर्बीण. आधीची नॉर्मल आली होती आणि यातलं काही नंतर सुरू झालं, तरी पुन्हा दाखवायचं.