जरीचं टोक गमने बांधलं जात नाही

«ब्लाउजवर जरदोजी आता घरच्या घरी! अड्ड्याची गरज नाही, साधी गोल रिंग पुरते. सोनेरी जर मोठ्या नेढ्याच्या सुईत ओवा आणि साध्या दोऱ्यासारखं भरत जा. टोकं मागून गम लावून चिकटवा, आयुष्यभर हलणार नाहीत. काम काळं पडलं तर टूथपेस्टने घासा, नव्यासारखं चमकेल.»

वरच्या सल्ल्यात चुका बऱ्याच आहेत. सुरुवात सुईत जर ओवण्यापासून करते, कारण बाकीच्या चुका त्या एका सल्ल्यातून निघतात. कारागीर ज्याला कसब म्हणतात, तो जरीचा धागा आतून-बाहेरून एकसारखा नसतो. आत रेशमाचा, सुताचा किंवा हल्ली पॉलिएस्टरचा गाभा असतो आणि त्याभोवती अतिशय बारीक, चपटी केलेली तार गुंडाळलेली असते. असली जरीत ती तार चांदीची असते आणि वर सोन्याचा मुलामा. कांचीपुरमच्या अस्सल जरीतसुद्धा सोनं वजनाने एक टक्क्याहून कमीच भरतं. नकली जरीत तार तांब्याची असते, तिच्यावर चांदीचा पातळ थर आणि त्यावर सोनेरी झाक. सगळ्यात स्वस्त मालात तार नसतेच, धातूचा लेप दिलेली प्लास्टिकची पट्टी असते.

असा धागा कापडातून ओढला की विणीत घासतो. खात्री करायची असेल तर वीतभर कसब सुईत ओवून ब्लाउजपिसाच्या तुकड्यातून सात-आठ वेळा आरपार काढा आणि उजेडात धरा. सुईच्या नेढ्याजवळ पट्टी सरकून वेढे एका जागी गोळा झालेले दिसतील आणि त्यांच्या मागे गाभ्याचा पिवळा दोरा उघडा पडलेला असेल. हेच भरलेल्या नक्षीत झालं की चार-दोनदा घातल्यावर सोनं सुटून केसासारखं उभं राहतं. शिवाय असं भरताना निम्मी जर कापडाच्या मागच्या बाजूला जाते, आणि ती कोणालाच दिसत नाही.

लखनऊ आणि बरेलीच्या कारखान्यांत म्हणूनच कसब कापडाच्या वर ठेवतात आणि दुसऱ्या बारीक दोऱ्याने आडवे टाके घालून जागच्या जागी बसवतात. कसब कापडातून फक्त दोनदा जातो, सुरुवातीला आणि शेवटी. आरीच्या आकड्याने जरीची साखळी घालतात हे खरं आहे, आपल्याकडच्या ब्लाउजवर तेच काम जास्त दिसतं. पण त्यासाठी मऊ, बारीक, गुळगुळीत जर वेगळी मिळते आणि आकडा ती वरच्या वर फासा करून उचलतो. ते तंत्र वेगळं आहे. त्याच्या जोरावर जाड कसब सुईतून ओढायचा सल्ला देता येत नाही.

आता रिंग. सोनेरी जर ताणली जात नाही, कापड ताणलं जातं. सगळा प्रश्न या फरकाचा आहे. कापड ढिलं असताना टाके घातले तर प्रत्येक टाका कापडाला थोडं थोडं गोळा करतो आणि शेवटी नक्षीभोवती चुण्या पडतात. कापड गरजेपेक्षा जास्त किंवा तिरकं ताणलं, तर रिंग काढल्यावर ते आखडतं, जर आखडत नाही आणि टाक्यांमधून फुगून वर येते. रिंगमध्ये हे दोन्ही एकाच वेळी होतं, कारण कडेला ओढलं की धागा तिरका जातो आणि मधला भाग काम करता करता सैल पडतो. नक्षी रिंगपेक्षा मोठी असेल तर रिंग सरकवावी लागते आणि तिची कड आधी बसवलेल्या जरीवरच दाबली जाते. चपटलेली जर परत गोल होत नाही. मखमलीवर तर रिंगचा वळ कायमचा राहतो. एखादी सुटी, छोटी बुट्टी, जी तिच्याभोवती बोटभर कापड सोडूनही रिंगमध्ये बसते, तेवढ्यापुरती रिंग चालेल. तीही आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळून.

अड्डा किंवा कारचोब म्हणजे कापड ताणून धरणारी लाकडी चौकट, काही अवघड यंत्र नाही. दोन जाड लांब लाकडं, त्यांच्या टोकांत बसणाऱ्या भोकं पाडलेल्या दोन पट्ट्या आणि अडकवायला खिळे. ब्लाउजची बाही आणि गळा बसेल एवढा छोटा अड्डा सुतार सहज करून देतो. दोन्ही लांब लाकडांना जाड सुती कापडाची पट्टी पक्की केलेली असते, तिच्यावर आपलं कापड शिवायचं. पण रेशीम एकटं चढवू नका. खाली मांजरपाट लावा, तोही आधी धुऊन, वाळवून, इस्त्री केलेला, म्हणजे पुढे आटणार नाही. आधी मांजरपाट ताणायचा, मग त्यावर रेशीम उभ्या-आडव्या धाग्यात सरळ ठेवून कडेने टाचायचं. शेवटी दोन्ही उघड्या बाजूंना साधारण दोन-अडीच सेंटिमीटरवर सुतळीचे टाके घेत कापड पट्ट्यांना ओढून बांधायचं. ताण बरोबर आहे का, हे पाहण्यासाठी बोटाने टिचकी मारा. आवाज घुमला पाहिजे आणि कापडाचे धागे लाकडाला समांतर दिसले पाहिजेत. धागे कमानीसारखे वाकलेले दिसले तर सुतळी एका ठिकाणी जास्त ओढली गेली आहे, ती सोडून परत बांधा. पावसाळ्यात रोज कामाला बसण्याआधी ताण तपासावाच लागतो.

अड्ड्याचा आणखी एक फायदा आहे. तो टेकून ठेवता येतो, म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात, एक कापडावर आणि एक कापडाखाली. रिंग धरण्यात एक हात गेला की जरीवर ताण ठेवायला हातच उरत नाही.

बाहीवरची साधारण सहा सेंटिमीटर उंचीची कैरी घेऊ. कागदावर काढलेल्या खाक्यावर भोकं पाडून, गडद कापडावर पांढरी आणि फिक्यावर निळी पूड रॉकेलमध्ये कालवून पुसली की आकार उतरतो. कसबाचे दोन पदर जोडीने घ्या, देठाशी चार सेंटिमीटर शेपूट सोडा आणि बाहेरच्या रेषेवर ठेवत चला. टाक्याचा दोरा बारीक, जरीच्याच रंगाचा, हातभरापेक्षा लांब नको. तो मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढा आणि जास्तीचं मेण बोटांच्या चिमटीत काढून टाका. मेणामुळे दोरा जरीच्या धारेवर फुटत नाही. सरळ भागात टाके चार-पाच मिलिमीटरवर, वळणावर तीन मिलिमीटरवर. टाका जरीला काटकोनात हवा आणि फक्त टेकेल एवढाच घट्ट हवा. टाक्याच्या जागी जरीला खाच पडली तर दोरा जास्त ओढला आहे.

कैरीच्या टोकाला खरी कसोटी लागते. जोडी तशीच वळवली तर टोक बोथट होतं. तिथे बाहेरच्या पदराला एकट्याला अगदी टोकावर एक टाका द्या, पदर चिमट्याने दुमडा, मग आतला पदर किंचित अलीकडे वळवून त्याला वेगळा टाका द्या. पुढे पुन्हा जोडीने. आतल्या फेरीत सुई मोकळ्या जागेतून वर काढा आणि आधीच्या ओळीला खेटून खाली घाला, म्हणजे दोन ओळींत कापड डोकावत नाही. आणि दुसऱ्या ओळीचे टाके पहिल्या ओळीच्या दोन टाक्यांच्या बरोबर मधे येऊ द्या.

गमबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण त्याने बिघडलेलं काम दुरुस्तच करता येत नाही. पांढरा गम पातळ रेशमात झिरपतो आणि उजव्या बाजूला डाग उमटतो. वाळल्यावर तिथे कडक चकती तयार होते. बाही वळते तेव्हा ती चकती वळत नाही, आणि तिच्या कडेला कापड आणि जर दोन्ही तुटतात. घामाने तो मऊ पडतो आणि टोक सुटतं. त्यात हा गम आम्लधर्मी असतो, जुना होताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतो, आणि नकली जरीतल्या तांब्याला आम्ल सोसत नाही. काही वर्षांनी टोकाशी हिरवट डाग दिसतो तो त्याचाच. शिवाय एकदा गम लागला की त्यातून सुई जात नाही.

टोक बसवायची रीत अशी. जाड सुईत मजबूत दोऱ्याचा दुपदरी फास करा. कसब जिथे संपतो तिथेच सुई खाली घाला, फास वर राहू द्या, त्यात शेपूट अडकवा आणि एका झटक्यात मागे ओढा. दोन पदर दोन वेगळ्या, शेजारच्या भोकांतून आणि एकामागून एक न्या. एकाच भोकातून दोन्ही ओढले तर रेशमाचे धागे फाकतात. मागे गेल्यावर शेपूट आत्ताच भरलेल्या ओळीच्या खाली वळवा, मोकळ्या कापडावर नको, तिथे उजवीकडून उंचवटा दिसतो. मग चार-पाच टाके फक्त मांजरपाटात घेऊन शेपूट बांधा. मांजरपाट लावायचं निम्मं कारण हेच आहे, की वरच्या रेशमाला सुई न लावता टोक पकडायला जागा मिळते. सेंटिमीटरभर ठेवून उरलेलं कापा. पाच-सहा टोकं एकाच जागी येत असतील तर काही ओळी थोड्या अलीकडे संपवा, नाहीतर मागे गाठोडं होतं.

कैरीच्या पोटात दबका भरणार असाल तर तिथेही हेच पाहा. दबका म्हणजे तारेची पोकळ स्प्रिंग, ती तुकडे करून मण्यासारखी ओवतात. तुकडा लांब झाला तर मधे वाकून चिरतो, आखूड झाला तर दोरा दिसतो. आणि दर तीन-चार तुकड्यांनंतर मागे एक छोटा उलटा टाका घ्यायलाच हवा. तो नसेल तर दोरा एका जागी तुटला की अख्खं भरलेलं काम उसवत जातं. बाजारातलं स्वस्त काम उलटं करून पाहिलं तर बहुतेक वेळा हाच टाका गाळलेला सापडतो.

टूथपेस्टमध्ये घासून काढणारी बारीक पूड असते. पितळेच्या भांड्याला ती चालते, कारण तिथे आतही पितळच आहे. इथे सोनेरी थर इतका पातळ आहे की काळेपणाबरोबर तोही निघतो. खालची चांदी किंवा तांबं उघडं पडतं आणि पहिल्यापेक्षा लवकर काळं पडतं. लिंबू, चिंच हे तर टाक्याच्या दोऱ्यावर आणि रेशमाच्या रंगावरही परिणाम करतात. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते, तांबं घामातल्या मिठाने हिरवं होतं, त्यामुळे उपाय साठवण्यातच करावा लागतो. काखेत घाम टिपणारं अस्तर घाला, अत्तर आधी लावा आणि वाळल्यावर ब्लाउज घाला. वापरल्यानंतर उलटा करून पंख्याखाली वाळवा आणि धुतलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळून ठेवा. लोकरीच्या कपड्यांजवळ ठेवू नका आणि घडीला रबरबँड लावू नका, दोन्हींतून गंधक सुटतं. आधीच काळं पडलेलं असेल तर मऊ, कोरड्या ब्रशने धूळ तेवढी झाडा. एखाद्या ओळीतली जर फारच खराब झाली असेल तर तेवढ्या ओळीचे टाके मागून कापून कसब उचलता येतो आणि त्याच खुणांवर नवा बसवता येतो, फक्त टोकं टाक्यांनी बांधलेली असली पाहिजेत.